आतली कड पाहिली का?

“टायर तसे चांगलेच आहेत, जरा घासलेत. बाजूला बारीक तडे दिसतात, पण ते असतातच ना?” लांबच्या प्रवासाला निघायच्या दोन दिवस आधी मेकॅनिकला जे फोन येतात, त्यातले बरेचसे असेच सुरू होतात. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला जे दिसलं ते तो सांगतो. पण एवढ्यावरून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. हे टायर अजून वर्षभर आरामात चालतील, की गाडी उद्या हायवेवर काढणंच धोक्याचं आहे? दोन्ही टायरांचं वर्णन याच शब्दांत करता येतं.

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत असं समजा. त्यांची छोटी पेट्रोल गाडी सहा वर्षं वापरातली आहे आणि एकूण २८ हजार किलोमीटर चालली आहे. ती सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते आणि दुपारचं ऊन नेहमी तिच्या उजव्या अंगावर पडतं. आता त्यांना समृद्धी महामार्गानं नागपूरला जायचं आहे. म्हणजे सिमेंट काँक्रीटचा रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आणि सलग काही तासांचं चालवणं. गावात भाजी आणायला जाताना जो टायर तक्रार करत नाही, तोच अशा रस्त्यावर तापतो आणि त्याच्या पोटातला दोष बाहेर येतो.

मेकॅनिकनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, आतली कड पाहिली का?”

हा प्रश्न पहिला का, ते समजून घ्यायला हवं. गाडीशेजारी उभं राहिलं की टायरची बाहेरची बाजू आणि नक्षीचा बाहेरचा अर्धा भाग दिसतो. इंजिनाकडची कड चाकाच्या कमानीत लपलेली असते. गाडी टायर खाते तेव्हा बऱ्याचदा ती आतूनच खाते. पुढच्या चाकांपुरता यावर एक सोपा उपाय आहे. गाडी सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक लावायचा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि इंजिन बंद करायचं. चाक तिरकं झालं की नक्षी कमानीबाहेर येते आणि कडेपासून कडेपर्यंत दिसते. मागच्या चाकांना ही सोय नाही. तिथं मोबाइलचा टॉर्च लावून मागून वाकूनच पाहावं लागतं, आणि तरीही पूर्ण रुंदी दिसत नाही.

झीज सांगताना ती कुठं आहे हे आधी सांगायचं, कारण जागेवरून कारणाचा पहिला अंदाज येतो. मधला पट्टा जास्त घासला असेल, तर टायरमध्ये बराच काळ हवा जास्त भरली गेली असण्याची शक्यता असते, कारण फुगलेला टायर मधल्या भागावर जास्त टेकतो. दोन्ही कडा घासल्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर हवा कमी राहिली असावी. एकच कड घासली असेल, तर चाकाचा कोन बिघडला असावा. आणि झीज गोल फिरत ठिकठिकाणी खोलगट झाली असेल, म्हणजे हात फिरवला की उंच-सखल लागत असेल, तर शॉकअब्सॉर्बर कमजोर झालेला असू शकतो किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असू शकतं. या प्रत्येक वाक्यात मी ‘असावा’, ‘शक्यता’ असेच शब्द वापरले आहेत, ते मुद्दाम. त्याचं कारण पुढं येईल.

जागेनंतर खोली. नव्या मोटारीच्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर रस्त्यावर चालवायचा नाही. हे मोजायची खूण टायरमध्येच असते. मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. त्यांची जागा सापडावी म्हणून टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा लहान त्रिकोण असतो. नक्षी घासत घासत या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसाळ्यात तेवढी वाट पाहणं शहाणपणाचं नाही. खाचा उथळ झाल्या की चाकाखालचं पाणी बाहेर फेकण्याची टायरची ताकद १.६ मिलिमीटरच्या बरीच आधी कमी होते. म्हणून ३ मिलिमीटरच्या आसपास आल्यावर टायर बदलायचा विचार करावा असं जाणकार सांगतात, आणि ओल्या रस्त्यावर चालवणाऱ्यानं ते ऐकावं असं माझंही मत आहे.

तर फोनवर ‘थोडा घासलाय’ म्हणण्याऐवजी ‘बाहेरच्या खाचेत पट्टीनं मोजलं तर चार मिलिमीटर, मधल्या खाचेतही चार, आतल्या खाचेत पट्टी जेमतेम दोन दाखवते’ असं सांगितलं, तर त्याचा उपयोग होतो. आपल्या शिक्षिकांनी कंपासपेटीतली पट्टी घेऊन हेच केलं. पट्टीच्या टोकाला शून्याआधी मोकळी जागा असते, ती त्यांनी लक्षात घेऊन वजा केली. पुढच्या डाव्या चाकाचे आकडे वर दिले तसे आले. पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या खाचेत तीन मिलिमीटर नक्षी होती.

मेकॅनिकनं आणखी एक गोष्ट करायला सांगितली. नक्षीवर आडवा तळहात अगदी हलका फिरवायचा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. हे करण्याआधी नजरेनं पाहून घ्यायचं, कारण फार झिजलेल्या टायरमधून पोलादी तारा वर आलेल्या असतात आणि त्या हात चिरतात. एका दिशेनं हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेनं करवतीवरून फिरवल्यासारखी धार लागली, तर चाक सरळ गडगडत नाही, तिरकं ओढलं जातंय. गाडीची दोन्ही चाकं वरून पाहिली तर जवळजवळ समांतर असायला हवीत. त्यांची पुढची टोकं बाहेर फाकली, तर चाक प्रत्येक मीटरला थोडं आडवं घासतं आणि आतली कड झिजते. ती आत वळली, तर बाहेरची कड झिजते. ही फाकण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण ती मिलिमीटरांत असते. तळहाताला मात्र ती धारेच्या रूपानं कळते. शिक्षिकांना धार लागली.

मग बाजूच्या तड्यांचा विषय निघाला. हा भाग सांगायला जास्त अवघड आहे आणि त्याबद्दल गैरसमजही जास्त आहेत.

टायरचं रबर हवेतल्या ओझोनमुळं तडकतं. ओझोनचं प्रमाण हवेत अगदी थोडं असतं, पण ताणलेल्या रबरातले रासायनिक बंध तो तोडतो आणि ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक चिरा पडतात. हे होऊ नये म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि पातळ थर धरतात. जुन्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक बहुधा याचीच असते आणि तो दोष नाही. टायर फिरत राहिला, दबत-सुटत राहिला, की ही रसायनं आतून वर यायला मदत होते. गाडी महिनोन् महिने एका जागी उन्हात उभी राहिली की रबर सुकतं आणि हा थर नीट भरून येत नाही. म्हणून कमी चाललेल्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर आणि तडेही भरपूर, असं चित्र दिसतं. ‘गाडी चाललीच नाही, मग टायर कसा खराब होईल’ हा युक्तिवाद रबराला लागू पडत नाही.

टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं. बाजूवर डीओटीनं सुरू होणारी अक्षर-आकड्यांची ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. १८१९ असेल तर २०१९ सालचा अठरावा आठवडा, म्हणजे एप्रिलअखेर ते मेची सुरुवात. ही पूर्ण ओळ बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते, आणि टायर बसवताना ती बाजू आत गेली तर बाहेरून सापडतच नाही. पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कितीही चांगला असला तरी वापरू नये, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात.

तडा सांगायचा तर चार गोष्टी सांगाव्यात. पहिली, तो कुठं आहे: रिमच्या काठाजवळ, बाजूच्या मधल्या फुगीर भागात, खांद्यावर, की नक्षीच्या खाचेच्या तळाशी. दुसरी, त्याची दिशा: चाकाभोवती गोल जाणारा, की रिमपासून नक्षीकडं जाणारा. तिसरी, नख अडकतं की नुसती रेघ दिसते. आणि चौथी, जी जवळजवळ कुणीच सांगत नाही, ती म्हणजे जमिनीजवळ तो कसा दिसतो. गाडीच्या वजनानं टायरची बाजू खाली फुगते आणि तिथलं रबर ताणलं जातं. चाकाच्या वरच्या भागात मिटलेला तडा खाली आला की उघडतो. त्यामुळं एकदा पाहिल्यावर गाडी चाक अर्ध फिरेल एवढी पुढं घ्यायची आणि पुन्हा पाहायचं. टायरला चकाकी आणणारं पॉलिश लावलेलं असेल, तर ते आधी धुऊन काढायचं, कारण त्याच्याखाली बारीक तडे बेमालूम झाकले जातात. सर्व्हिसिंगहून आलेली गाडी म्हणूनच फसवी असते.

फुगा आणि खोलगटपणा यांतही फरक करायला हवा. टायरच्या पोटात रिमपासून रिमपर्यंत आडव्या जाणाऱ्या पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर असतो. त्या थराची दोन टोकं जिथं एकमेकांवर येतात, तिथं हवा भरल्यावर बाजूवर उभी हलकी खोलगट रेघ दिसू शकते. ती निरुपद्रवी असते. पण बाजूला कुठं उंचवटा आला असेल, तर खड्ड्याच्या किंवा डिव्हायडरच्या धक्क्यानं त्या दोऱ्या तुटलेल्या असतात आणि हवा तिथल्या रबराला एकटीच बाहेर ढकलत असते. त्याला दुरुस्ती नाही. ‘बाजू जरा वरखाली वाटते’ असं फोनवर ऐकल्यावर मेकॅनिक यातलं काय हे सांगू शकत नाही, आणि तो ‘चालेल’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

शिक्षिकांनी शेवटी जे सांगितलं ते असं होतं: मागच्या उजव्या टायरच्या बाजूला, मधल्या फुगीर भागात गोल जाणारे बारीक तडे आहेत, नख अडकत नाही, जमिनीजवळ थोडे ठळक दिसतात, फुगा नाही. मागचा डावा टायर दिसायला चांगला आहे. सगळ्यांवर सन २०१९ आहे. मेकॅनिकनं विचारलं, “मागच्या डाव्याची हवा कधी उतरली होती का?” त्या म्हणाल्या, “हो भाऊ, दोन महिन्यांपूर्वी. पंक्चर होतं, कळलंच नाही. बीड बायपासपासून घरापर्यंत तशीच चालवत आणली. मग काढून घेतलं.”

“गाडी हायवेला काढू नका. उद्या सकाळी हळूहळू इकडं आणा,” तो म्हणाला.

चांगल्या वर्णनाचा उपयोग इथवर होतो, आणि तो मोठा आहे. गाडी चालवायची की थांबवायची हे त्यातून ठरतं, आणि गॅरेजमध्ये कुठं पाहायचं हेही ठरतं. पण दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढल्यावर काय झालं, ते फोनवर कितीही बोलून कळलं नसतं.

पुढच्या डाव्या टायरला मेकॅनिकनं नक्षी मोजायचा गेज लावला. एका ठिकाणी नाही, चाक फिरवत तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तिन्ही खाचांत. पट्टीनं दोन मिलिमीटर दाखवलेली आतली खाच एका ठिकाणी १.९, दुसऱ्या ठिकाणी १.७ आणि तिसऱ्या ठिकाणी १.४ भरली. शिक्षिकांनी पट्टी लावली ती नेमकी जास्त उरलेल्या जागी. टायर कायद्यानंही संपला होता. मग त्यानं चाकाला डावी-उजवीकडून धरून हलवलं, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. हलकी खटखट हाताला लागली. तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे टाय रॉड एंड, बोटांनी धरून त्यानं मदतनिसाला चाक हलवायला लावलं. सांध्यात ढिलाई होती. वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तेव्हा काहीच हललं नाही, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक होते.

मघाशी प्रत्येक कारणापुढं ‘असावा’ का म्हटलं, ते इथं कळतं. आतली कड खाल्ली जाण्यामागं नुसतं अलाइनमेंट बिघडलेलं असू शकतं, खालच्या आर्मचा बुश गेलेला असू शकतो, खड्ड्यात आदळून एखादा भाग वाकलेला असू शकतो किंवा टाय रॉड एंड ढिला असू शकतो. टायरवरची खूण सगळ्यांत जवळजवळ सारखीच. फोनवरच्या अंदाजावर विसंबून कुणी नुसतं अलाइनमेंट करून घेतलं, तर मशीनच्या पडद्यावर आकडे हिरवे येतात, आणि ढिल्या सांध्यामुळं रस्त्यावर चाक पुन्हा फाकतं. नवा टायर काही हजार किलोमीटरमध्ये त्याच कडेला खाल्ला जातो आणि माणूस टायर कंपनीला दोष देतो. आधी सांधा, मग अलाइनमेंट, मग नवा टायर रस्त्यावर. हा क्रम हातानं चाक हलवून पाहिल्यावरच ठरतो.

मागचा उजवा, म्हणजे तडे असलेला टायर मेकॅनिकनं हवा भरलेला असतानाच आधी पाहिला, कारण हवा काढली की फुगा असला तरी तो बसून जातो. अंगठ्यानं रबर दाबून तडे उघडले आणि टॉर्च तिरका धरून तळ पाहिला. तिरक्या प्रकाशात उथळ चिरेचा तळ दिसतो, खोल चिरेचा दिसत नाही. मोबाइलच्या फ्लॅशनं समोरून काढलेल्या फोटोत हा फरक पुसला जातो, म्हणून फोटो पाठवूनही हे काम भागत नाही. तडे उथळ होते, दोऱ्यांपर्यंत गेलेले नव्हते. रिम उतरवून टायर आतून पाहिला, तोही स्वच्छ होता.

मग दिसायला चांगला असलेला मागचा डावा. मशीनवर रिमपासून सुटा केल्याबरोबर त्यातून काळा रबराचा भुगा खाली पडला. आतल्या बाजूला, बाहेरच्या खांद्याखाली, चाकाभोवती गोल फिरलेली एक चुरगळलेली पट्टी होती आणि तिथं आतलं अस्तर खरवडलं गेलं होतं. हवा नसताना गाडी चालली की टायरची बाजू दुमडते, तापते आणि आतल्या आत घासते. दोऱ्यांची ताकद जाते. पंक्चर काढून हवा भरली की बाहेरून तो पुन्हा टवटवीत दिसतो. दोन महिने हा टायर गावात निमूट चालला होता. १२० च्या वेगानं, भर दुपारी, काँक्रीटवर त्याचं काय झालं असतं, हे मेकॅनिकला सांगावं लागलं नाही. शिक्षिका तो भुगा पाहत होत्या.

चार टायरांमध्ये सगळ्यांत वाईट दिसणारा आतून धड निघाला आणि ज्याबद्दल काहीच तक्रार नव्हती तो सगळ्यांत धोक्याचा निघाला. नजर आणि शब्द दोन्ही टायरच्या बाहेरच्या कातडीवर थांबतात. वजन आणि हवेचा दाब पेलणाऱ्या दोऱ्या आणि पोलादी पट्टे तिच्याखाली असतात.

पुढं काय करायचं यावर मेकॅनिकनं दिलेला सल्ला मला पटतो. गावातल्या गावात हळू चालवायचं असतं, तर तडे असलेला टायर लक्ष ठेवून आणखी काही महिने वापरता आला असता. लांबच्या वेगवान रस्त्यासाठी मात्र सहा वर्षांचा, उन्हानं तडकलेला टायर नको. पुढच्या उजव्याचं वय तेच, आतली कड तीन मिलिमीटरवर. म्हणून चारही बदलायचे. टाय रॉड एंड नवा, त्यानंतर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. डिकीतली स्टेपनी काढून पाहिली, तर तीही २०१९ ची. नक्षी कोरी, पण खाचांच्या तळाशी बारीक चिरा. ती घरापासून टायरच्या दुकानापर्यंत न्यायला ठीक होती, समृद्धीवर अवलंबून राहायला नव्हती.

निघताना मेकॅनिकनं एका कागदावर चारही नव्या टायरांच्या तिन्ही खाचांचे आकडे लिहून दिले आणि हवेचा दाब टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आहे तेवढाच ठेवायला सांगितला. हजार किलोमीटर झाल्यावर पुढच्या दोन्ही चाकांची आतली कड पुन्हा मोजायची, स्टिअरिंग वळवून, पट्टी तीन ठिकाणी लावून. आतली खाच मधल्या खाचेपेक्षा अर्धा मिलिमीटरनंही कमी आली, तर फोन न करता गाडी सरळ गॅरेजला आणायची.